बोनाफाईडमधला एक जादा ‘ए’

शुक्रवार, 29 नोव्हेंबर 2024. दुपारी तीनच्या सुमाराला बी.एस्सी. भाग दोनची एक विद्यार्थिनी कार्यालयाच्या खिडकीशी आली. हातात आम्हीच आठ दिवसांपूर्वी दिलेलं बोनाफाईड होतं आणि सोबत, शिष्यवृत्ती देणाऱ्या एका खासगी न्यासाच्या पोर्टलवरून काढलेली प्रिंट. तिच्या अर्जाच्या नूतनीकरणावर शेरा पडला होता : `Name mismatch`. दुरुस्त कागद चढवायची मुदत दुसऱ्या दिवशी रात्री संपत होती.

“सर, आधारवर आहे तसं नाव घालून द्या ना. बाकी सगळं बरोबर आहे.”

मागणी साधी वाटते, पण बोनाफाईड आधारवरून किंवा विद्यार्थ्याच्या अर्जावरून लिहायचं नसतं. ते जनरल रजिस्टरवरून लिहायचं असतं. ‘आमच्या नोंदवहीप्रमाणे ही विद्यार्थिनी या वर्षी या वर्गात शिकते आहे’ एवढंच त्या कागदाचं म्हणणं असतं, आणि त्याखाली प्राचार्यांची सही असते. नोंदवहीत नसलेलं नाव त्यावर घातलं, तर उद्या कोणी पडताळणीला आलं की कागद खोटा ठरतो, आणि त्याची झळ विद्यार्थिनीलाच बसते. म्हणून अशा वेळी लगेच दुसरं बोनाफाईड न काढता मी आधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडायला लावतो आणि नाव अक्षर अक्षर वाचतो. मराठीतून वाचून उपयोग नसतो. मराठीत सगळीकडे ‘वैष्णवी’च दिसते. चूक इंग्रजी स्पेलिंगमध्ये लपलेली असते.

आधार : `VAISHNAVI`. बारावीची गुणपत्रिका : `VAISHNAVI`. आमचं बोनाफाईड : `VAISHANAVI`. भाग एकच्या दोन्ही सत्रांच्या विद्यापीठाच्या गुणपत्रिका : `VAISHANAVI`. `H` नंतर एक `A` जादा.

आडनाव आधी की नंतर, या फरकाचा इथे संबंध नव्हता. आपल्याकडे बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. कागद तपासणारी माणसं याला सरावलेली असतात आणि तेवढ्यावरून सहसा अर्ज परत येत नाही. शब्द तेच असले, फक्त क्रम वेगळा असला, तर घाबरायचं कारण नाही. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की मात्र शेरा पडतो.

मग हा ‘ए’ आला कुठून? जनरल रजिस्टरचा तो खंड कपाटातून काढला. त्यात कनिष्ठ महाविद्यालयाच्या मूळ दाखल्यावरून, म्हणजे एलसीवरून, हाताने केलेली नोंद `VAISHNAVI` अशी स्वच्छ होती. फाइलला लावलेला मूळ दाखलाही तसाच. प्रवेशाच्या ऑनलाइन अर्जात मात्र `VAISHANAVI`. तो अर्ज तिने नेट कॅफेत भरून घेतला होता. टाइप करणाऱ्याने बोलीतला उच्चार ऐकून नाव घातलं आणि तिने ‘सबमिट’च्या आधी वाचलं नाही. आमच्याकडे प्रवेश निश्चित करताना गुण, जातीचा रकाना आणि विषयगट तपासले गेले, स्पेलिंग कोणी पाहिलं नाही. ही चूक कार्यालयाचीही आहे आणि ती मान्य करूनच पुढे जावं लागतं. अर्जातून नाव महाविद्यालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये गेलं, तिथून विद्यापीठाच्या नोंदणीत, तिथून विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकाला, म्हणजे पीआरएनला, चिकटलं आणि गुणपत्रिकांवर छापून आलं. बोनाफाईड आम्ही सॉफ्टवेअरमधून छापतो, त्यामुळे वही बरोबर असूनही कागद चुकला.

पहिल्या वर्षी हे उघड का झालं नाही? कारण तेव्हा अर्जासोबत बारावीची गुणपत्रिका आणि आधार होतं, आणि दोन्हींवर नाव एकच. त्या वर्षीचं बोनाफाईडही पावती-पुस्तकासारख्या छापील पुस्तकातून, हाताने, वही समोर ठेवून लिहिलेलं होतं. त्याची स्थळप्रत मी पाहिली. नूतनीकरणाला मागच्या वर्षाची गुणपत्रिका लागते, आणि तिथे विद्यापीठाचा कागद पहिल्यांदा आधारच्या शेजारी येऊन बसतो. नावाचे घोळ दुसऱ्या वर्षी निघतात ते यामुळे.

इथे एक फाटा आहे तो समजून घेतला पाहिजे. वहीत आणि दाखल्यावर नाव बरोबर असेल, तर दुरुस्ती महाविद्यालयाच्या हातातली असते. दाखला बरोबर पण वहीत उतरवताना चूक झाली असेल, तर मूळ दाखला पाहून चुकीच्या नोंदीवर एक रेघ मारायची, वर लाल शाईने योग्य नोंद करायची, दुरुस्ती कोणत्या कागदावरून केली ते शेऱ्यात लिहायचं आणि प्राचार्यांची सही तारखेसह घ्यायची. खाडाखोड किंवा व्हाइटनर चालत नाही, कारण जुनी नोंद वाचता आली पाहिजे. पण चूक बोर्डाच्या गुणपत्रिकेवरच असेल, तर महाविद्यालयाला काही करता येत नाही. तो प्रस्ताव शाळेच्या किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या मुख्याध्यापक-प्राचार्यांमार्फत बोर्डाकडे जातो. आणि चूक आधारवर असेल, तर आधार सुधारावं लागतं. तिथे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून ते आधी सुधारायची घाई करू नये. हिचं आधार बरोबरच होतं. काही जण अशा वेळी मुलांना ‘आधारच गुणपत्रिकेप्रमाणे करून घे’ असं सांगतात. हिने ते ऐकलं असतं, तर आधार बारावीच्या गुणपत्रिकेशी जुळलं नसतं आणि एकाच्या जागी दोन घोळ झाले असते.

आता प्रश्न पुढच्या दीड दिवसाचा होता. वही बरोबर असल्याने नवं बोनाफाईड `VAISHNAVI` नावाने देता येत होतं. त्यासाठी आधी सॉफ्टवेअरमधली नोंद कार्यालयीन अधीक्षकांच्या लॉगिनमधून दुरुस्त करून घेतली, नाहीतर पुढच्या वेळी तोच चुकीचा कागद छापला गेला असता. जुनं बोनाफाईड परत घेतलं, त्यावर ‘रद्द’ लिहून ते स्थळप्रतीला जोडलं. नव्याला नवा जावक क्रमांक. जुनाच क्रमांक पुन्हा वापरला, तर एका क्रमांकाचे दोन कागद फिरत राहतात.

पण नवं बोनाफाईड आणि विद्यापीठाची गुणपत्रिका यांत आता फरक पडणार होता. म्हणून एक स्वतंत्र पत्र तयार केलं : जनरल रजिस्टर क्रमांक अमुक, पीआरएन तमुक, गुणपत्रिकेवर छापलेलं नाव आणि नोंदवहीतलं नाव ही एकाच विद्यार्थिनीची असून स्पेलिंग दुरुस्तीचा प्रस्ताव विद्यापीठाकडे सादर केला आहे. शेवटचं वाक्य खरं असावं म्हणून तो प्रस्ताव त्याच दुपारी भरायला लावला आणि त्याचा जावक क्रमांक पत्रात घातला. ‘सादर करत आहोत’ आणि ‘सादर केला आहे’ यांतला फरक तपासणारा बरोबर पाहतो.

न्यासाचा स्वतःचा नमुना होता, त्यात आणखी दोन जागा अडखळायच्या होत्या. एक, वर्षाचं शुल्क. नमुन्यात ‘परत न मिळणारं शुल्क’ असा रकाना होता आणि आमच्या आधीच्या कागदावर पावतीची सगळी रक्कम, 7,865 रुपये, छापली होती. त्यात ग्रंथालय आणि प्रयोगशाळा मिळून 400 रुपये अनामत होती. अनामत महाविद्यालय सोडताना परत मिळते, म्हणून ती वजा : 7,465. तिसऱ्या सत्राचं परीक्षा शुल्क 940 रुपये वेगळ्या पावतीवर होतं, ते मिळवून 8,405. चौथ्या सत्राचं शुल्क अजून भरलेलं नव्हतं. ‘तेही धरा ना सर, भरणारच आहे’ असं ती म्हणाली. पण पावती नसलेली रक्कम प्रमाणपत्रात घालता येत नाही. पैसे थोडे कमी दिसले तरी चालतील, पावत्यांच्या बेरजेशी आकडा जुळला पाहिजे.

दुसरी जागा छापील वाक्याची : ‘मागील वर्षाची परीक्षा उत्तीर्ण असून सध्या नियमित शिकत आहे.’ तिचा दुसऱ्या सत्रातला एक पेपर राहिला होता, म्हणजे एटीकेटीवर तिला भाग दोनला प्रवेश मिळालेला. नियमित शिकते आहे हे खरं, ‘उत्तीर्ण’ खरं नाही. पहिला अर्धा भाग खोडून तिथे ‘एटीकेटी नियमानुसार भाग दोनसाठी पात्र’ असं लिहिलं आणि खोडलेल्या जागी प्राचार्यांची छोटी सही घेण्यासाठी खूण केली. ती घाबरली. तिच्या न्यासाची अट एकूण टक्केवारीची होती आणि ती तिने पुरी केली होती, हे अटींचं पान काढून तिला दाखवलं. प्रत्येक योजनेचं गणित वेगळं असतं. बारावीच्या गुणांवर मिळणाऱ्या केंद्राच्या शिष्यवृत्तीत पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना दरवर्षी 12,000 रुपये मिळतात, आणि नूतनीकरणाला किमान 50 टक्के गुण आणि 75 टक्के उपस्थिती लागते. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या योजनांचे नियम आणखी निराळे. म्हणून अटी वाचल्याशिवाय बोनाफाईडचा मजकूर ठरवू नये. जे खरं आहे ते लिहायचं, एवढं मात्र सगळीकडे सारखं.

सही उरली. प्राचार्य विद्यापीठाच्या बैठकीला गेले होते, सोमवारी येणार. अशा वेळी कोणी वरिष्ठ प्राध्यापक ‘प्राचार्यांकरिता’ लिहून सही करतात. बसच्या पाससाठी ते खपतं, शिष्यवृत्तीच्या पडताळणीत अर्ज परत येतो. सुदैवाने त्या दोन दिवसांचा कार्यभार लेखी आदेशाने उपप्राचार्यांकडे दिलेला होता. त्यांनी ‘प्रभारी प्राचार्य’ या पदनामाच्या शिक्क्यावर सही केली, त्याखाली कार्यभार आदेशाचा क्रमांक घातला. गोल शिक्का निम्मा फोटोवर आणि निम्मा कागदावर आला पाहिजे, पण चेहऱ्यावर नको. एवढ्यासाठी एक कागद वाया गेला, कारण शिपाईमामांनी घाईत शिक्का डोळ्यांवर उठवला होता.

साडेपाचला तिच्या हातात तीन कागद होते : नमुन्यातलं बोनाफाईड, नावाचं पत्र, विद्यापीठाच्या प्रस्तावाची पोच. मोबाइलने फोटो काढून चढवू नकोस, असं तिला सांगितलं. सावली पडते, गोल शिक्क्याची अक्षरं वाचता येत नाहीत आणि फाइल छोटी करताना ती आणखी पुसट होतात. फ्लॅटबेड स्कॅनरवर 150 डीपीआयला, राखाडी नव्हे, रंगीत स्कॅन करून तिन्ही कागद दिले. रंगीत अशासाठी, की निळी सही आणि जांभळा शिक्का काळ्या छपाईपासून वेगळे दिसतात आणि कागद झेरॉक्स नाही हे कळतं. पत्र ‘इतर कागदपत्रे’मध्ये न टाकता गुणपत्रिकेच्याच पीडीएफमध्ये दुसरं पान म्हणून जोडलं. तपासणारा गुणपत्रिका उघडतो तेव्हाच त्याला नावातला फरक दिसतो, आणि खुलासा त्याच जागी मिळाला पाहिजे.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा अर्ज मंजूर झाला. विद्यापीठाच्या दुरुस्तीला मात्र वेळ लागला. प्रस्तावाला बारावीच्या गुणपत्रिकेची आणि दाखल्याची साक्षांकित प्रत, दुरुस्तीचं शुल्क, प्राचार्यांचं शिफारसपत्र आणि भाग एकच्या दोन्ही मूळ गुणपत्रिका जोडाव्या लागल्या. मूळ कागद देण्याआधी त्यांच्या दोन-दोन साक्षांकित प्रती काढून घेतल्या, कारण नवीन गुणपत्रिका येईपर्यंत हातात तेवढंच असतं. नोंदणीतलं नाव आधी बदललं आणि चौथ्या सत्राची गुणपत्रिका `VAISHNAVI` नावाने आली. तिसऱ्या सत्राची तोवर जुन्याच नावाने छापून झाली होती. त्या गुणपत्रिकेसाठी पुन्हा वेगळा अर्ज केला आहे.