बेरीज जुळेना, ८७ लिटर गेलं कुठे

परवा छपाईला जायच्या आधीचा एक रिपोर्ट तपासायला आला, पाणीवापराचा, चार जणांनी आपापले भाग लिहिलेले आणि कुणी देवनागरी आकडे टाकलेले, कुणी इंटरनॅशनल. मला वाटलं एकसारखे करायचेत, तासाभराचं काम. पण एका टेबलात पाच नोंदी होत्या, 42, 38, ५१, 47, ३६ आणि खाली एकूण 127 लिटर. तोंडी बेरीज केली तर २१४ येते!

एक्सेलची मूळ शीट मागवली तेव्हा कारण दिसलं. ५१ आणि ३६ हे सेलमध्ये मजकूर म्हणून बसलेले, आणि SUM रेंजमधला मजकूर गुपचूप सोडून देतं, एररसुद्धा दाखवत नाही. ओळखायची खूण म्हणजे अलाइनमेंट, खरा आकडा आपोआप उजवीकडे जातो आणि मजकूर डावीकडे राहतो, पण कुणीतरी अख्खा कॉलम सेंटर केलेला, त्यामुळे ती खूणच गेली. मग मी हे लावलं:

```
=COUNTA(B2:B6)-COUNT(B2:B6)
```

उत्तर 2 आलं, म्हणजे दोन सेल भरलेले आहेत पण आकडा नाहीत. मग प्रत्येक कॉलमला हेच लावत गेले.

तारखांचं त्याहून वाईट होतं. 03/04/2024 ही ३ एप्रिल की ४ मार्च? त्याच कॉलममध्ये 13/04/2024 मजकूर म्हणून पडलेली सापडली, म्हणजे शीट महिना आधी धरत होती, तेरावा महिना नाही म्हणून तिने ती तारीख मानलीच नाही, आणि बारापर्यंतच्या सगळ्या मात्र उलट्या वाचून बसली. लिहिणाऱ्याला फोन करून एकेक तारीख नक्की केली, दुसरा इलाजच नव्हता.

मग ठरवलं की शीटमध्ये सगळं 0-9 आणि तारीख 2024-04-03 अशीच, देवनागरी रूप फक्त शेवटच्या मजकुरात, तिथे महिना अक्षरात, '३ एप्रिल २०२४'. सरसकट रिप्लेस मारलं असतं तर ईमेल, लिंका, फाइलची नावं सगळं मोडलं असतं, म्हणून ते भाग आधी बाजूला काढले. नंतर अर्धवट बदललेले आकडे शोधायला रेजेक्सची सोय असलेल्या एडिटरमध्ये हे चालवलं:

```
[0-9][०-९]|[०-९][0-9]
```

त्यात '१9' असा एक निघाला, आणि हा नुसत्या डोळ्याने सापडणं अवघड, कारण बारीक फाँटमध्ये १ आणि 9 जवळजवळ सारखेच दिसतात. वेळेतही एक वेगळीच गंमत होती, '१०ः३०' मध्ये कोलनऐवजी विसर्ग टाइप झालेला, कागदावर कुणाला कळणार नाही पण सर्चला '१०:३०' सापडत नाही.

एककांना फार वेळ लागला नाही, किमी, कि.मी. आणि km तिन्ही होते, सगळीकडे 'किमी' केलं, आकडा आणि एकक यांच्यात न तुटणारी स्पेस टाकली. टेबलाची एकूण आता २१४ आहे, आणि त्या १२७ वरून काढलेली सरासरी, टक्के आणि निष्कर्षातलं एक वाक्य लेखकाकडे परत पाठवलंय.