लक्ष्मीपूजन कोणत्या दिवशी?

12 नोव्हेंबर 2023, रविवार. रात्री साडेआठला सांगलीहून आत्याचा फोन. "पूजा झाली, फराळ झाला, तुझा मेसेज कुठे अडकला रे? दरवर्षी पहिला तुझाच असतो."

मेसेज अडकला नव्हता. दुसऱ्या दिवशी निघायचा म्हणून तो शहाण्यासारखा रांगेत बसला होता. त्याला सोमवारी निघायला मीच सांगितलं होतं.

नातेवाईकांची साठेक नावं, सणांची यादी आणि वेळेवर शुभेच्छा पाठवणारा छोटासा प्रोग्राम, असा माझा घरगुती कारखाना आहे. सुरुवातीला मी तारखा हाताने भरायचो. मग आळस आला. आपले सण दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकतात, तेवढे वजा केले की झालं, असं वाटलं. गणेश चतुर्थी 2023 मध्ये 19 सप्टेंबरला होती, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. वजाबाकी एखाद्या दिवसाने चुकते, पण चालते. मात्र 2026 ची तारीख आहे 14 सप्टेंबर, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे वजाबाकीने अधिकाच्या वर्षी बाप्पा ऑगस्टच्या मध्यावरच आले असते आणि कोकणातली मंडळी माझ्यामुळे आरक्षण शोधत बसली असती. तेव्हा वजाबाकी सोडली आणि सरळ आकाशाकडे वळलो.

आकाशाचं गणित त्या मानाने सोपं निघालं. चंद्र सूर्याच्या किती पुढे गेला तो कोन काढायचा आणि त्याचे बारा-बारा अंशांचे तुकडे पाडायचे. एक तुकडा म्हणजे एक तिथी.

```python
kon = (chandra - surya) % 360
tithi = int(kon // 12) + 1   # 15 पौर्णिमा, 30 अमावास्या
```

राशिचक्र कुठून मोजायला सुरुवात करायची, हा अयनांशाचा वादही इथे आड येत नाही. चंद्र आणि सूर्य दोघांतून तो सारखाच वजा होतो, त्यामुळे फरक तसाच राहतो. (महिन्याचं नाव ठरवताना तो परत दारात उभा राहतो, ते सोडा.) काळजी एवढीच, की चंद्राची सरासरी गती धरून भागत नाही. तो कधी धावतो, कधी रेंगाळतो, आणि नुसत्या सरासरीवर विसंबलं तर सहाएक अंशांची चूक सहज होते. एक अंश म्हणजे साधारण दोन तास. सहा अंश म्हणजे दिवसाची रात्र! म्हणून ग्रहांच्या नेमक्या स्थिती देणारी तयार लायब्ररी घेतली. तिथी मिनिटापर्यंत जुळू लागली आणि मी स्वतःवर खूष झालो.

आत्याचा फोन आला तो या खुशीतच.

चूक कोनात नव्हती, प्रश्नात होती. तिथी दुपारी लागते, दुसऱ्या दुपारी संपते. तारीख मात्र मध्यरात्री बदलते. मग तिथी कोणत्या तारखेची म्हणायची? मी पाठ केलेलं उत्तर दिलं होतं, सूर्योदयाला जी असेल ती. 2023 ची आश्विन अमावास्या 12 नोव्हेंबरला दुपारी पावणेतीनच्या सुमाराला लागली आणि 13 ला दुपारी तीनच्या आत संपली. सूर्योदयाला अमावास्या फक्त 13 ला होती, म्हणून प्रोग्रामने 13 दिली. पण लक्ष्मीपूजन काही सकाळी उठून करत नाहीत. ते प्रदोषकाळी, सूर्यास्तानंतरच्या साधारण अडीच तासांत करतात, आणि त्या वेळी अमावास्या 12 लाच होती. आत्याला कोन ठाऊक नाही, पण दिवे कधी लावायचे ते ठाऊक आहे.

मग प्रत्येक सणापुढे एक रकाना वाढवला: दिवसाच्या कोणत्या वेळी तिथी बघायची. गुढीपाडव्याला सूर्योदय. गणेश चतुर्थी आणि रामनवमीला मध्यान्ह. दसऱ्याला अपराण्ह. गोकुळाष्टमी आणि महाशिवरात्रीला मध्यरात्र. संकष्टीला चंद्रोदय. तिथे तर आपलं घर कुठे आहे हेही सांगावं लागतं. सण हा तारखेला नसून वेळेला असतो, हे मला पन्नाशीला आल्यावर प्रोग्राम लिहिताना कळलं, आणि घरातल्या कुठल्याही बाईला त्यात काही नवल वाटलं नाही.

पुढचं वर्ष, 2024. अमावास्या 31 ऑक्टोबरला दुपारी 3:52 ला लागली आणि 1 नोव्हेंबरला संध्याकाळी 6:16 ला संपली. म्हणजे 31 चा प्रदोष पूर्ण मिळाला, आणि 1 तारखेला पुण्यात सूर्यास्तानंतर जेमतेम पाव तास. प्रोग्रामने दोन्ही तारखा पुढे ठेवल्या. उत्तरेत बऱ्याच ठिकाणी 31 लाच दिवाळी झाली. आपल्याकडच्या पंचांगांत 1 नोव्हेंबर होती, कारण दोन्ही दिवशी प्रदोषाला अमावास्या असेल तर दुसरा दिवस घ्यावा असा संकेत आहे. तो नियम लिहिला. मग न्यू जर्सीतल्या धाकट्या भावाची आठवण झाली. त्याच्या घड्याळात तीच अमावास्या 1 नोव्हेंबरला सकाळी पावणेनऊलाच संपत होती, म्हणून त्याला 31 ऑक्टोबर हाच एक प्रदोष होता. एकाच आईची दोन मुलं, एकच अमावास्या, आणि दोघांचं लक्ष्मीपूजन वेगळ्या तारखांना. तेव्हापासून यादीत नावापुढे गावही आहे.

2025 मध्ये मी निर्धास्त होतो. अमावास्या 20 ऑक्टोबरला दुपारी 3:44 ला लागली आणि 21 ला संध्याकाळी 5:54 ला संपली. पुण्यात सूर्यास्ताच्या पंधराएक मिनिटं आधीच. 21 चा प्रदोष हुकला. म्हणजे 20 ऑक्टोबर, शंकाच नको. प्रोग्रामनेही तेच सांगितलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मात्र 21. राज्य सरकारच्या सुट्ट्यांच्या यादीत 21. शेअर बाजाराचा मुहूर्ताचा सौदासुद्धा 21 ला.

दोन दिवस मी चूक माझ्यात शोधली. कोन तपासला, सूर्यास्त तपासला. सगळं बरोबर होतं. मग एका पंचांगवाल्या स्नेह्यांना विचारलं. ते म्हणाले, "दुसऱ्या दिवशी अमावास्या किती वेळ आहे ते पाहिलंस. तिच्यामागून येणारी प्रतिपदा तिच्यापेक्षा मोठी आहे का, ते पाहिलंस का?" नव्हतं पाहिलं. त्या वर्षी अमावास्या 26 तास 10 मिनिटांची होती आणि प्रतिपदा तिच्याहून दहा-बारा मिनिटांनी मोठी. तिथी अशी वाढती असेल आणि अमावास्या जवळजवळ दिवसभर असेल तर दुसरा दिवस घेण्याला धर्मशास्त्रात आधार आहे, असं त्यांचं म्हणणं. देशात अनेकांनी हे धरलं नाही आणि 20 ला दिवे लावले. तेही चुकले असं म्हणायची माझी छाती नाही.

हाही नियम लिहिता आला असता. पण मी तो लिहिला नाही. कोन कसा काढायचा यावर भांडण नाही, भांडण आहे ते दोन वचनांपैकी कोणतं जड धरायचं यावर, आणि तो निवाडा माझ्या प्रोग्रामने परस्पर करावा हे मला पटेना. म्हणून आता दोन रकाने आहेत. एकात प्रोग्राम स्वतःची तारीख भरतो. दुसऱ्यात मी नवीन कॅलेंडर आणलं की हाताने भरतो. दोन्ही जुळले तर मेसेज आपोआप जातो, नाहीतर ओळ लाल होते आणि काही म्हणजे काही पाठवलं जात नाही. मग मी सांगलीला फोन करतो.

2026 ची ओळ लाल झाली नाही. अमावास्या 8 नोव्हेंबरला सकाळी साडेअकराच्या आसपास लागते आणि 9 ला दुपारी संपते. पुणे 8, सांगली 8, न्यू जर्सीही 8. भावाला मेसेज त्याच्या संध्याकाळी पाचला जाईल, तेव्हा इथे सोमवारच्या पहाटेचे साडेतीन वाजलेले असतील. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "मग त्याला सांग, उत्तर सकाळी दे. तू झोपेत फोन उचलतोस."