दोन लाखांची बोंब आणि चोवीस हजारांचा हिशेब

एम.कॉम.ला असताना मी अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात कॉस्टिंगला इंटर्न होतो. गाड्यांसाठी लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट तिथे बनत. महिनाअखेरीस बजेटच्या शीटमध्ये प्रत्यक्ष खर्च भरायचा, एवढंच माझं काम. एखाद्या हेडचा खर्च बजेटपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त झाला की तो कप्पा लाल व्हायचा, आणि त्या हेडच्या जबाबदार माणसाला कारण लिहून द्यावं लागायचं.

त्या महिन्यात पत्रा, मजुरी, वीज आणि स्थिर खर्च हे चारही हेड लाल झाले. बजेट होतं १०,७०,००० रुपये, खर्च झाला होता १२,७०,०००. दोन लाख जादा! मी घाईघाईने मॅडमकडे शीट घेऊन गेलो. त्यांनी आकड्यांकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, "नग किती निघाले?"

बजेट १०,००० नगांचं होतं, निघाले होते १२,०००. दोन हजार नग जास्त काढले तर पत्रा जास्त लागणारच. फिक्स्ड बजेट मात्र उत्पादन बदललं तरी जागचं हलत नाही, त्यामुळे नग वाढल्याने वाढलेला खर्च आणि खरी उधळपट्टी त्यात एकाच लाल रंगात दिसतात. "आधी १२,००० नगांचं बजेट बनव, मग तुलना कर," मॅडम म्हणाल्या.

मी सोपा मार्ग धरला. सगळ्या बजेटला १.२ ने गुणलं. आलं १२,८४,०००. म्हणजे आता उलट १४,००० रुपये वाचले होते! मी खूश. मॅडमनी विचारलं, "जास्त नग काढले म्हणून शेडचं भाडं वाढतं का रे?"

माझी खरी चूक इथे होती, आणि परीक्षेतही ती बरेच जण करतात. भाडं, सुपरवायझरचा पगार, सिक्युरिटी मिळून स्थिर खर्चाचं बजेट १,५०,००० होतं. मी ते फुगवून १,८०,००० केलं. प्रत्यक्षात खर्च झाला होता १,५८,०००, म्हणजे ८,००० रुपयांचा जादा खर्च माझ्या गुणाकाराने २२,००० ची बचत म्हणून दाखवला.

वीज तर दोन्हींच्या मधली. बिलात डिमांड चार्ज असतो, तो नगांवर अवलंबून नसतो. वापरलेल्या युनिटचे पैसे मात्र मशीन चालेल तसे वाढतात. मॅडमनी जुनी बिलं काढायला लावली. सर्वांत कमी उत्पादनाच्या महिन्यात ८,००० नगांना १,०४,००० रुपये, सर्वांत जास्त उत्पादनाच्या महिन्यात १३,००० नगांना १,४४,०००. पाच हजार नगांना चाळीस हजारांचा फरक, म्हणजे नगामागे ८ रुपये. आठ हजार नगांचे ६४,००० वजा केले की स्थिर भाग ४०,०००. ही हाय-लो पद्धत दोनच महिन्यांवर उभी असते, म्हणून त्यातला एखादा महिना मशीन बंद पडलेला तर नव्हता ना, हे आधी बघायचं. आम्ही बघितलं होतं.

मग नीट बजेट झालं. पत्रा नगामागे ६० रुपयांनी ७,२०,०००. मजुरी २० रुपयांनी २,४०,०००. वीज ४०,००० अधिक ९६,०००. स्थिर खर्च आहे तसा १,५०,०००. एकूण १२,४६,०००. म्हणजे दोन लाखांपैकी १,७६,००० निव्वळ नग वाढल्यामुळे, आणि खरा जादा खर्च २४,०००. पत्रा आणि वीज बजेटच्या थोडी खालीच राहिली. लाल उरले दोनच हेड: मजुरी २४,००० ने, म्हणजे दहा टक्क्यांनी जास्त, आणि स्थिर खर्च ८,००० ने.

आता कारण शोधायचं. शॉप फ्लोअरच्या सुपरवायझर काकांना विचारलं तर ते चिडलेच. "नेहमीच्या वेळेत १०,८०० च्या वर नग निघत नाहीत. बाकीचे ओव्हरटाइममध्ये काढले. दुप्पट दर द्यावा लागतो, माहिताय ना?" हिशेब तंतोतंत जुळला: १,२०० नगांवर नगामागे २० रुपये जादा, म्हणजे २४,०००. आणि ते आठ हजार? रात्री काम चालू म्हणून ठेवलेला एक जादा वॉचमन.

म्हणजे नगामागे २० रुपये हा दरही १०,८०० पर्यंतच खरा होता. त्यापुढे सरळ रेषा मोडते, आणि 'स्थिर' म्हटलेला खर्चही एक पायरी चढतो. हे मी क्लासच्या वहीत 'रेलेव्हंट रेंज' म्हणून उतरवून घेतलं होतं. समजलं मात्र त्या दिवशी.

मी कारणाच्या रकान्यात काकांचं नाव लिहायला घेतलं. मॅडमनी थांबवलं आणि मार्केटिंगला फोन लावला. दोन हजार नगांची ती तातडीची ऑर्डर घेताना दरात ओव्हरटाइम धरला होता का, एवढंच विचारलं. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.