आठ महिन्यांची नोकरी रेझ्युमेवर कशी लिहिली, माझा अनुभव

मी सांगलीचा, कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीमध्ये ऑगस्ट 2019 ते मे 2023 क्वालिटीला होतो, मग पुण्याजवळच्या एका कंपनीत गेलो आणि जानेवारी 2024 ला आमचा प्रोजेक्ट बंद पडला. एचआरने बोलावून सांगितलं की तुझी पोझिशन आता राहणार नाही, पण तू स्वतः राजीनामा टाक, म्हणजे दोन महिन्यांचा पगार आणि रिलीव्हिंग लेटर नीट मिळेल. मी टाकला. तेव्हा डोक्यात फक्त रूमचं भाडं होतं.

घरी विश्रामबागला आलो आणि रेझ्युमे उघडला तेव्हा खरा घोळ कळला. माझ्या लेटरवर लिहिलंय ‘रिझाइन्ड’, पण खरं कारण लेऑफ, मग लिहायचं काय? एक मित्र म्हणाला, "लई विचार करू नकोस, फाउंड्रीची तारीख जानेवारीपर्यंत ओढ आणि पुण्याचं उडव." दुसरा म्हणाला महिने काढून टाक, नुसतं 2023 ते 2024 लिही, दोन वर्षांसारखं दिसतं. ते दुसरं मी खरंच लिहूनही बघितलं, आणि मलाच ते बघवेना. आकडे खोटे नव्हते पण वाचणारा फसावा म्हणूनच लिहिलेले होते.

मग पीएफच्या पोर्टलवर यूएएन टाकून सर्व्हिस हिस्ट्री उघडली. तिथे दोन्ही कंपन्यांच्या जॉइनिंगच्या तारखा दिसत होत्या. व्हेरिफिकेशनवाले बरेचदा हेच मागतात, त्यामुळे ओढलेली तारीख इथेच उघडी पडते. आणि बघतो तर फाउंड्रीने माझी एक्झिट डेटच भरलेली नव्हती, म्हणजे कागदावर मी एकाच वेळी दोन ठिकाणी कामाला होतो! शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने उलटले असतील तर आपण स्वतः ‘मार्क एक्झिट’मध्ये तारीख टाकू शकतो, आधारच्या ओटीपीवर होतं, फक्त तारीख शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा आहे त्याच महिन्यातली लागते. मी 31 मे 2023 टाकली, रिलीव्हिंग लेटरवर होती तीच.

रेझ्युमेवर मग सरळ ‘जून 2023 ते जानेवारी 2024’ लिहिलं आणि सोडण्याचं कारण तिथे लिहिलंच नाही, कारण रेझ्युमेत ते लिहावंच लागतं असं नाही. एकूण अनुभव साडेचार वर्षं, म्हणजे फाउंड्रीचे 46 महिने आणि हे 8. घरी बसलेले महिने त्यात धरले नाहीत, ते धरून लोक ‘जवळपास पाच वर्षं’ लिहितात तिथेही खोट शिरते.

कामाच्या ओळीत मी आधी लिहिलं होतं ‘प्लांटचं रिजेक्शन कमी केलं’. ते माझं एकट्याचं नव्हतं आणि प्लांटचंही नव्हतं. बदलून लिहिलं: तिघांच्या टीममध्ये, एका ब्रॅकेटच्या लाइनवर, रिजेक्शन 4.2 वरून 2.6 टक्क्यांवर, माझं काम गेजिंगचा चेक आणि रोजचा डेटा. वाचायला छोटं वाटतं, पण इंटरव्ह्यूत त्यावर वीस मिनिटं बोलता आलं, कारण प्रत्येक आकडा माझ्या हाताखालून गेलेला.

नव्या कंपनीच्या अर्जात मात्र ‘सोडण्याचं कारण’ असा रकाना होता. तिथे नुसतं ‘लेऑफ’ लिहिलं तर लेटरशी जुळत नाही, नुसतं ‘राजीनामा’ लिहिलं तर अर्धंच खरं. मी लिहिलं: "प्रोजेक्ट बंद झाल्याने पद कमी करण्यात आलं, कंपनीच्या सांगण्यावरून राजीनामा दिला." पोझिशन राहणार नाही असा एचआरचा मेलही आला होता, तो ऑफिसचा आयडी बंद व्हायच्या आधी स्वतःकडे पाठवून ठेवला होता, नशीब. किती पैसे मिळाले ते कुठेच लिहिलं नाही, कागदावर गुप्ततेची अट होती.

तोंडी उत्तराची तालीम ताईसमोर केली. ती मिरजेला शाळेत शिकवते. दोन वाक्यं झाली की मी मॅनेजरवर घसरायचो आणि ती हात वर करून म्हणायची, "थांब. इथे गप्प बसायचं." सहा-सात वेळा थांबवलं तिने मला.

मिरज एमआयडीसीतल्या इंटरव्ह्यूत साहेबांनी विचारलंच, "आठच महिने का हो?" मी दोन वाक्यं बोललो आणि गप्प बसलो. त्यांनी मान हलवून पुढे ब्रॅकेटबद्दल विचारलं.

नंतर व्हेरिफिकेशनवाल्या बाईंचा फोन आला, "तुमच्या आधीच्या कंपनीने रिझाइन्ड सांगितलंय, अर्जात तुम्ही पद कमी झालं म्हणताय, काही कागद आहे का?" पोटात गोळा आला, पण तो मेल फॉरवर्ड केला, आणि दोन दिवसांनी जॉइनिंगची तारीख आली.