आमची वाटचाल : डॉलर वाढला, पण बेअरिंगचा भाव का नाही वाढला?

भोसरी एमआयडीसीतल्या गाळ्यात आम्ही आयात केलेली बेअरिंग्ज विकतो. गिऱ्हाईक म्हणजे भोसरी-चाकणचे लहानमोठे कारखानदार. धंद्याची सुरुवात आणि जागेची शोधाशोध यात वाचण्यासारखं फारसं काही नाही. खरी परीक्षा झाली ती 2013 साली. मेच्या सुरुवातीला 54 रुपयांच्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टअखेर 68 च्या वर गेला. त्या काळात रोज कुणी ना कुणी विचारायचं, "काय शेठ, भाव कधी वाढवताय?"

सोयीसाठी गोल आकडे घेऊ. बेअरिंग 10 डॉलरचं, डॉलर 55 रुपयांना. म्हणजे माल 550 रुपयांचा. जहाजाचं भाडं आणि कस्टम ड्युटी धरून गाळ्यात पोचेपर्यंत 660. आम्ही तो 1000 ला विकायचो. मधल्या 340 मध्ये गाळ्याचं भाडं, पगार, टेम्पो, उधारीवरचं व्याज आणि आमचा नफा. हे सगळं रुपयातलं, डॉलरशी त्याचा संबंध नाही. आता डॉलर 66 झाला, म्हणजे 20 टक्के वाढला. जहाजाचं भाडं डॉलरमध्येच असतं आणि ड्युटी रुपयातल्या किमतीवर लागते, त्यामुळे दोन्ही वाढतात आणि माल 792 ला पडतो. हा सगळा बोजा गिऱ्हाइकावर टाकला, तरी भाव होतो 1132. वाढ 13 टक्के.

तीसुद्धा एकदम होत नाही. जुन्या भावाचे 300 नग रॅकवर आणि नवीन 100 आले, तर सरासरी पडते 693 च. शिवाय मोठ्या कारखान्यांशी वर्षाचा रेट कॉन्ट्रॅक्ट असतो, तो मध्येच हलवता येत नाही. शेजारच्या व्यापाऱ्याकडे जुना स्टॉक जास्त असेल तर आधी भाव वाढवणाऱ्याची ऑर्डर त्याच्याकडे जाते. ज्याने बँकेकडून फॉरवर्ड कव्हर घेतलंय त्याचा दर आधीच ठरलेला. कव्हर संपेपर्यंत तो निवांत.

कव्हर नसलेल्याचे हाल वेगळेच. मेमध्ये 90 दिवसांच्या उधारीवर आलेला माल त्याने जुन्या भावात विकूनही टाकलेला असतो, आणि पैसे भरायची वेळ येते ऑगस्टमध्ये, नव्या दराने. भाव वाढले नाहीत म्हणून गिऱ्हाईक खूश असतं, तेव्हा तो फरक कुणाच्या तरी खिशातून जात असतो.

आम्ही नवा कंटेनर आल्यावरच यादी बदलायचं ठरवलं, आणि तेही दोन टप्प्यांत. घाई न करण्याला आणखी एक कारण होतं: पडलेला रुपया सावरेल का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ऑक्टोबरमध्ये डॉलर 61-62 वर उतरला. मग गिऱ्हाईक लगेच म्हणू लागलं, "आता कमी करा." पण रॅकवर तेव्हा ऑगस्टचा महाग माल होता. वाढवताना जुन्या स्टॉकमुळे जेवढा उशीर झाला, तेवढाच उतरवतानाही लागला. खरं सांगायचं तर जरा जास्तच लागला.