आईसाठी मागवलेला जपानी हेअर डाय

आईला केस काळे करायचे होते, पण तिच्या भाषेत 'ते बाजारातलं काळं' नको होतं. म्हणून मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून जपानी क्रीम डाय मागवला. अमोनिया नाही एवढंच मी पाहिलं होतं. खोका आला, तर चारही बाजूंनी फक्त जपानी. आतली घडीची पत्रिकाही तशीच, मुंगीएवढ्या अक्षरांत. विक्रेत्याने सोबत इंग्रजीतला एक कागद टाकला होता, सहा ओळींचा. त्यातल्या एका ओळीत म्हटलं होतं, 'लावून ४८ तास सोडा'. कुठे लावून, ते नव्हतंच. डोक्याला डाय लावून दोन दिवस बसायचं की काय?

माझी भाची पुण्यात जपानी शिकते. तिला व्हिडिओ कॉल लावला आणि पत्रिका कॅमेऱ्यासमोर धरली. ती म्हणाली, "मावशी, असं नाही दिसत. सपाट ठेव, उजेडात फोटो काढ, एकेक चौकट वेगळी पाठव." तेवढ्यात अर्धा तास गेला.

घोळ एका शब्दाचा होता. 'होची' म्हणजे तसंच राहू देणं. पत्रिकेत तो दोनदा होता. एकदा केसांना लावल्यावर वीस मिनिटं, आणि एकदा त्याआधीच्या चाचणीत ४८ तास. कागद लिहिणाऱ्याने दुसरं वाक्य उचललं आणि चाचणी गाळली.

चाचणी अशी होती. दोन्ही नळ्यांमधलं थोडं थोडं क्रीम एकत्र करायचं, दंडाच्या आतल्या बाजूला दहा येनच्या नाण्याएवढा पातळ थर लावायचा (आपलं रुपयाचं नाणं धरलं तरी चालतं) आणि वाळू द्यायचं. अर्ध्या तासाने एकदा पाहायचं आणि ४८ तासांनी पुन्हा. तोवर ती जागा धुवायची नाही. दुसऱ्यांदा पाहायचं कारण असं, की या प्रकारची ॲलर्जी बऱ्याचदा लगेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी वर येते. मध्येच खाज किंवा लाली दिसली तर लगेच धुवायचं, आणि तो डाय मग वापरायचाच नाही. भाचीने एक शब्द दोनदा वाचून दाखवला, 'माइकाइ', म्हणजे दर वेळी. मागच्या महिन्यात काही झालं नाही म्हणून या महिन्यात चाचणी टाळायची नाही.

मग ती घटकांच्या यादीकडे वळली. काताकाना लिपीत परदेशी शब्द जसे ऐकू येतात तसे लिहितात, त्यामुळे तिला अर्थ माहीत नसला तरी वाचता येत होतं. ती एकेक अक्षर जोडत वाचू लागली, "पा-रा-फे-नि-रे-न-जि-आ-मि-न."

आई बाजूला भाजी निवडत होती. तिने मान वर केली. "हे काय म्हणाली ती?"

सात-आठ वर्षांपूर्वी एका लग्नात आईने हातांवर काळी मेंदी काढली होती आणि तिसऱ्या दिवशी नक्षीवर पाण्याचे फोड आले होते. त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून तपासलं आणि एका कार्डावर नाव लिहून दिलं, 'पॅराफिनिलिनडायमिन, टाळा'. मी कपाटातल्या फायलीतून ते कार्ड काढलं. भाचीने पुन्हा सावकाश वाचलं. तेच नाव होतं. काळ्या मेंदीतला काळेपणा बऱ्याचदा याच रसायनाचा असतो. अमोनिया असणं-नसणं ही वेगळीच गोष्ट, तिचा याच्याशी संबंध नाही.

मी म्हटलं, "मग चाचणी तरी करून बघू." भाचीने वरची लाल चौकट वाचली. डायने पूर्वी पुरळ आलेल्यांनी हा वापरायचाच नाही. डॉक्टरांनीही फोनवर तेच सांगितलं, घरी चाचणी करून पुन्हा अंगावर ओढवून घेऊ नका.

पैसे वाया जाऊ नयेत म्हणून मी तो स्वतःवर वापरायचं ठरवलं. सोमवारी रात्री नऊ वाजता दंडावर ठिपका लावला, मंगळवारभर तो सांभाळत आंघोळ केली, बुधवारी रात्री पाहिलं. काहीच नव्हतं. गुरुवारी केस रंगवले. भुवयांनाही जरा लावायचा मोह झाला होता, पण पत्रिकेत भुवया आणि पापण्या स्पष्ट शब्दांत वगळल्या होत्या.

अर्धं मिश्रण उरलं. मी ते झाकणाच्या डबीत भरत होते, तेवढ्यात भाचीची शेवटची चौकट आठवली. एकत्र केलेलं क्रीम साठवायचं नाही, कारण दुसऱ्या नळीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बंद डबी फुटू शकते. सगळं टाकून डबी धुतली.

आई आता साधी हिरवी मेंदी लावते, पाकिटावर फक्त मेंदीचा पाला लिहिलेली. केस केशरी झालेत. परवा आरशासमोर उभी राहून म्हणाली, "तुझ्यापेक्षा मीच परदेशी दिसते."