फर्निचर हप्त्यावर घ्यावं की पैसे साठवून? माझा अनुभव

पलंग आणि कपाट पसंत करायला फारसा वेळ लागला नाही. वेळ खाल्ला तो हप्त्यांच्या टेबलाने. "शून्य टक्के व्याज, बारा हप्ते, विषय संपला," एवढंच तिथला मुलगा सांगत होता. मी विचारलं, "सगळे पैसे आत्ताच दिले तर काय भाव लावाल?" तो हसला, साहेबांना विचारतो म्हणाला आणि गेला तो गेलाच. परत आला तेव्हा हातात फॉर्म, त्यावर सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. मी पुन्हा तेच विचारलं, तो पुन्हा साहेबांकडे! इतक्या साध्या प्रश्नाला एवढी टाळाटाळ का, याचाच मला जास्त राग आला.

शेवटी आकडा मिळाला: एकरकमी दिल्यास ८ टक्के सूट. फॉर्म उलटून पाहिला तर मागे फाइल चार्जेस २ टक्के, तेही आधी भरायचे आणि परत न मिळणारे. विम्याच्या चौकटीत आमच्या वतीने खूणही करून ठेवली होती. ती मी आधी खोडायला लावली.

मग तिथेच बसून हिशेब मांडला. किंमत १०० धरा. रोखीत वस्तू ९२ ला पडते. हप्त्यात आधी २ जातात, म्हणजे खरी उधारी ९० चीच, आणि वर्षभरात फेडायचे १००. वरचे १० म्हणजे ११ टक्के व्याज, असं वाटतं. पण उधारी दर महिन्याला घटत जाते, पूर्ण ९० वर्षभर आपल्याकडे राहतच नाहीत. त्यामुळे खरा दर वर्षाला सुमारे २० टक्के पडतो. शून्य कुठे आणि वीस कुठे!

उलट तोच हप्ता, म्हणजे महिन्याला ८.३३, बाजूला टाकत गेलं तर अकराव्या महिन्यात जवळपास ९२ जमतात. अर्थात तोवर सूट टिकेल याची हमी नाही, आणि तोवर जमिनीवर झोपायचं का, हाही प्रश्न आहेच. म्हणून आम्ही पलंग शिलकीतून लगेच घेतला आणि कपाटासाठी पैसे साठवायला घेतले. शिलकीला हात लावल्यावर अडीअडचणीला काहीच उरणार नसतं, तर पलंगापुरते हप्ते मीही घेतले असते. रोखीचा आणि हप्त्याचा भाव खरोखर एकच असेल आणि चार्जेस नसतील, तर हप्त्याला नाही म्हणायचं कारणच नाही.

एक सांगायचं राहिलं. पहिला हप्ता कधी कापला जाणार आणि माल घरी कधी येणार, या दोन्ही तारखा लिहून घ्या. कर्ज देणारी कंपनी बहुतेक वेळा वेगळीच असते. माल उशिरा आला किंवा परत केला, तरी दुकानाने तिला कळवेपर्यंत हप्ते कापले जाऊ शकतात.